भेटायला गेल्यावर काय बोलू नये?

मैत्रिणीचा नवरा गेला. भेटायला गेले तेव्हा म्हणाले, "तुला काय वाटतंय ते कळतं गं, माझे बाबा गेले तेव्हा माझंही असंच झालं होतं." ती एकदम गप्प झाली. काय चुकलं?

उत्तर: बोलणं तिच्या नवऱ्यावरून तुमच्या बाबांवर गेलं. समाजशास्त्रज्ञ चार्ल्स डर्बर प्रतिसादांचे दोन प्रकार सांगतात: बोलणं स्वतःकडे वळवणारा आणि समोरच्याचंच पुढे नेणारा. हेतू चांगला असूनही तुमचा पहिला ठरला. मग "हो ना, तुझंही वाईट झालं" असं तिलाच म्हणावं लागतं, आणि तेवढी ताकद तिच्यात नसते.

याहून मोठी अडचण 'कळतं' या खात्रीची आहे. तिला कदाचित रागच येत असेल. शेवटच्या भांडणाची टोचणी असेल. आजार लांबला असेल तर सुटल्यासारखं वाटत असेल, आणि त्याचीच लाज. तुम्ही आधीच सगळं ओळखलंय म्हटल्यावर हे ती कुणाला सांगणार?

तेराव्यानंतर वर्दळ थांबते, तेव्हा पुन्हा जा. त्याचं नाव घेऊन साधं, ठरावीक काही विचारा: "संध्याकाळी सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून घरी यायला त्याला किती वाजायचे?" मग थांबा, शांतता भरून काढू नका. तुमच्या बाबांबद्दल तिनं विचारलं, तर दोन वाक्यांत सांगा.