बडतर्फीच्या आधीची चौकशी: तुझ्या आरोपपत्राच्या मसुद्याच्या निमित्तानं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तू पाठवलेला आरोपपत्राचा मसुदा आणि सोबतचे कागद नीट वाचले. प्रकरण साधं दिसतं. दुसरी पाळी सुटताना रात्री अकराच्या सुमारास गेटवर झडती झाली, एका कायम कामगाराच्या डब्याच्या पिशवीत तांब्याच्या तारेचे सुमारे 3 किलो तुकडे सापडले आणि त्यानं तिथंच ‘चूक झाली, माफ करा’ असं लिहून दिलं. साहेबांचं म्हणणं आहे की चिठ्ठी हातात असताना चौकशी हा नुसता उपचार आहे, आठ दिवसांत आटपून टाका. मला हे पटत नाही. का, ते सविस्तर लिहितो.

तुझ्या मसुद्यातलं पहिलंच वाक्य बघ: ‘आपण कंपनीच्या मालाची चोरी केली असल्याचे सिद्ध झाले आहे.’ सिद्ध कुठे झालं? आरोपपत्र देणाऱ्यानंच निकाल लिहून टाकला, तर पुढची चौकशी फक्त दाखवण्यापुरती उरते. मन आधीच बनवून काढलेली नोटीस टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2010 च्या ओरिक्स फिशरीज निकालात स्पष्ट सांगितलं आहे. दुसरं वाक्य त्याहून धोक्याचं आहे: ‘आपली वर्तणूक पूर्वीपासून संशयास्पद आहे.’ कोणती वर्तणूक, कधीची, कुणी पाहिली? याला तो बिचारा उत्तर काय देणार?

मसुदा असा लिही. तारीख, पाळी, अंदाजे वेळ, मुख्य गेट, झडती घेणाऱ्या सुरक्षारक्षकाचं नाव, पिशवीचं वर्णन, तुकड्यांचं वजन आणि ते कुणासमोर केलं, आणि तो माल कंपनीचा आहे असं कशावरून म्हणता. मग स्थायी आदेशातलं, म्हणजे कारखान्याच्या सेवाशर्ती आणि शिस्तीच्या लेखी नियमांतलं, नेमकं कलम: मालकाच्या मालमत्तेबाबत चोरी, फसवणूक किंवा अप्रामाणिकपणा. शेवटी ‘असा आपणावर आरोप आहे’ आणि खुलाशासाठी पुरेशी मुदत. कलम शोधायचा कंटाळा करू नकोस. स्थायी आदेशात जे गैरवर्तन म्हणून लिहिलेलंच नाही त्यासाठी शिक्षा करता येत नाही, हे ग्लॅक्सो लॅबोरेटरीजच्या 1983 च्या निकालापासून पक्कं आहे. आरोपपत्र कामगाराला वाचता येईल अशा भाषेत दे, आणि ज्या कागदांचा त्यात उल्लेख आहे त्यांच्या प्रती सोबत जोड. गेटचं रजिस्टर, झडतीचा पंचनामा आणि ती चिठ्ठी, तिन्ही.

तू त्याला निलंबित केलं आहेस. ते ठीक, पण निर्वाह भत्ता चालू झाला का? पहिले 90 दिवस निम्मं वेतन, आणि त्यापुढे चौकशी कामगारामुळे लांबली नसेल तर 75 टक्के. तुमच्या स्थायी आदेशात किंवा करारात याहून चांगली तरतूद असेल तर ती लागू. ही मेहरबानी नव्हे. भत्त्याविना माणूस चौकशीला येऊच शकला नाही, तर त्याच्या गैरहजेरीत झालेली चौकशी कोलमडते. कॅप्टन पॉल अँथनी यांच्या 1999 च्या प्रकरणात हे घडलं होतं.

आता चौकशी अधिकारी. तुझ्या टिपणात सुरक्षा अधिकाऱ्याचं नाव सुचवलं आहेस. त्या रात्री वजन त्याच्यासमोर झालं, म्हणजे तो साक्षीदार आहे. त्यानं जे स्वतः पाहिलं ते तो विसरून बसणार कसा? आणि त्याच्या मनातलं चित्र खरं की खोटं, हे कामगार त्याला विचारणार कधी? त्याला साक्षीला बोलाव, चौकशीला बसवू नकोस. घटनेशी संबंध नसलेला दुसऱ्या विभागातला अधिकारी किंवा बाहेरचा माणूस नेम. व्यवस्थापनाची बाजू मांडणारा वेगळा, चौकशी करणारा वेगळा. कामगाराला सहकारी किंवा युनियनचा प्रतिनिधी घेऊ दे. वकील हा त्याचा सरसकट हक्क नाही. पण तुमच्या बाजूनं कायद्याचा जाणकार उभा असेल तर त्याला एकटं लढायला लावता येत नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 1982 मध्ये हेच म्हटलं.

पहिल्या दिवशी चौकशी अधिकारी आरोप वाचून दाखवेल, मान्य आहे की नाही ते विचारेल. इथं बरेच अधिकारी लगेच कामगारालाच प्रश्न विचारायला लागतात: पिशवी तुझीच ना, तार कुठून आणली, कुणाला विकणार होतास? हे करू देऊ नकोस. आरोप व्यवस्थापनाचा आहे, तो व्यवस्थापनानं आधी सिद्ध करायचा. साक्षीदार येण्याआधीच कामगाराची तपासणी करणं चुकीचं, असं असोसिएटेड सिमेंटच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं साठ वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं आहे.

आणि ती चिठ्ठी. साहेब तिच्यावर सगळी भिस्त ठेवून आहेत. रात्री अकरा वाजता दोन रक्षकांमध्ये उभं राहून लिहिलेल्या चार शब्दांत कशाची चूक ते कुठेही लिहिलेलं नाही. तार घेतली ही चूक, की पिशवी न तपासता उचलली ही? चौकशीत कबुली म्हणून धरायची असेल तर ती स्पष्ट आणि बिनशर्त हवी: कोणता आरोप मान्य, हे त्याच्या शब्दांत रोजनाम्यावर, म्हणजे चौकशीच्या कामकाजाच्या नोंदीत, यायला हवं. तसं नसेल तर चिठ्ठी हा फक्त एक पुरावा. ती कुणासमोर, कशी लिहिली हे सांगणारा साक्षीदार आण, आणि कामगाराला त्याची उलटतपासणी घेऊ दे. कागद फाइलला लावला म्हणजे सिद्ध झाला असं होत नाही, हे पंजाब नॅशनल बँकेच्या रूपसिंग नेगी प्रकरणात 2008 साली ठरलं. तिथंही भिस्त कबुलीवरच होती, पोलिसांसमोर दिलेल्या.

उलटतपासणीचं महत्त्व कळावं म्हणून तुझंच प्रकरण पुढे नेऊन बघू. रक्षक सरतपासणीत, म्हणजे व्यवस्थापनाच्या प्रश्नांना उत्तर देताना, म्हणेल, ‘याच्या पिशवीत तार सापडली.’ कामगाराचा प्रतिनिधी विचारेल, पिशवी त्याच्या हातात होती की टेबलावर? रक्षक म्हणाला, ‘टेबलावर.’ टेबलावर आणखी किती पिशव्या होत्या? ‘चार-पाच असतील.’ ही त्याचीच, हे कशावरून ठरवलंत? ‘त्यानं उचलली म्हणून.’ झडतीच्या आधी उचलली की नंतर? रक्षक गप्प. या गप्प बसण्याची नोंद व्हायला हवी. आणि इथंच चौकशी अधिकाऱ्याची कसोटी लागते. ‘म्हणजे तुला म्हणायचंय की आधीच उचलली होती, हो ना?’ असं त्यानं रक्षकाला सुचवलं, की तो न्याय करणारा राहिला नाही, फिर्यादी झाला. खुलाशासाठी प्रश्न विचारावेत, पण साक्षीतलं भोक बुजवण्यासाठी नाही. ते काम व्यवस्थापन प्रतिनिधीचं, उलटतपासणीनंतर तो पुन्हा प्रश्न विचारतो त्या फेरतपासणीत. त्या फेरतपासणीत नवीन काही आलं तर कामगाराला पुन्हा विचारू द्यायचं.

रक्षकाची लेखी जबानी आधीच घेतली आहे, ती वाचून दाखवू, असं तू लिहिलंस. नको. त्याला समोर बसव आणि साक्ष कामगाराच्या देखत घे. सूर एनॅमलच्या 1963 च्या निकालात न्यायालयानं चौकशीच्या ज्या अटी सांगितल्या, त्यांत आरोप स्पष्ट कळवण्याच्या जोडीला साक्षीदार समोर तपासणं, उलटतपासणीची संधी, बचावाचे साक्षीदार आणि कारणांसह निष्कर्ष हेच आहे. या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: निर्णयात जे वापरणार, ते आधी कामगारासमोर यायला हवं. पुराव्याचा कायदा इथं काटेकोर लागत नाही आणि संशयापलीकडे सिद्ध करायचीही गरज नाही, संभाव्यतेचं पारडं कुठे झुकतं ते बघायचं. पण कामगाराच्या पाठीमागे आलेला पुरावा ही सवलत वाचवू शकत नाही.

रोजनामा त्याच दिवशी, दोघांसमोर लिहून, प्रत्येक पानावर सह्या घेऊन प्रत द्यायची. सही नाकारली तर तसं लिहायचं. नोटीस देऊनही तो आला नाही तर चौकशी एकतर्फी चालवता येते, मात्र साक्षीदार तेव्हाही तपासावेच लागतात. गैरहजेरी म्हणजे कबुली नव्हे. मध्येच येऊन हजर झाला तर तिथून पुढे सामील करून घे.

अहवालात चौकशी अधिकारी कोणत्या साक्षीवर विश्वास ठेवला आणि बचावाचं म्हणणं का नाकारलं ते लिहील. शिक्षा सुचवणं त्याचं काम नाही. मग येते ती पायरी जी घाईत सर्रास गाळली जाते: अहवालाची प्रत कामगाराला देऊन, निष्कर्षांवर त्याचं म्हणणं मागवणं. करुणाकर प्रकरणात घटनापीठानं 1993 मध्ये हे सर्वांना, खासगी आस्थापनांनाही, लागू केलं. कारण अहवाल हाही निर्णयकर्त्यासमोर आलेला नवा कागदच, आणि कामगारानं तो पाहिलेला नसतो. प्रत न दिल्यानं त्याचं प्रत्यक्ष नुकसान झालं का हे न्यायालय नंतर तपासतं, पण त्या भरवशावर राहू नकोस.

सोबतच्या कारणे दाखवा नोटिशीत प्रस्तावित शिक्षा लिही. त्याचे जुने दोन मेमो विचारात घेणार असाल तर तेही त्यात नमूद करा, नाहीतर आदेशात त्यांचं नावही काढू नका. मसुद्यातलं ‘पूर्वीपासून संशयास्पद’ यायचं तर इथं, मेमोच्या तारखांसह. उलट त्याची स्वच्छ वर्षं असतील तर तीही मोजावी लागतात. गांभीर्य, पूर्वेतिहास आणि परिस्थिती बघायला आदर्श स्थायी आदेशच सांगतात.

साहेब विचारतील, एवढं कशाला, चूक राहिली तर कामगार न्यायालयात पुरावा देऊच की. कायद्यानं ती सोय आहे, फायरस्टोनच्या 1973 च्या निकालानुसार. पण ती मुभा वेळेवर मागावी लागते, आणि मुख्य म्हणजे तेव्हा तुझा रक्षक कुठे असेल? कंत्राटी माणूस, चार वर्षांनी दुसऱ्या एजन्सीत किंवा गावी. आज तो रोज गेटवर उभा आहे, आज त्याची साक्ष घेणं सोपं आहे.

आदेश काढण्याआधी एक तपास: युनियनच्या मागण्यांचा वाद सध्या न्यायाधिकरणापुढे चालू आहे, असं तू मागे म्हणाला होतास. तसं असेल तर या बडतर्फीसोबत एक महिन्याचं वेतन द्यावं लागेल आणि त्याच न्यायाधिकरणाकडे मंजुरीचा अर्ज करावा लागेल. आदेश, वेतन आणि अर्ज हे एकाच व्यवहाराचे भाग असायला हवेत. वेतनाचा धनादेश पुढच्या आठवड्यात आणि अर्ज त्याच्या पुढच्या, असं केलंत तर मंजुरी मिळणार नाही. आणि मंजुरी नाकारली गेली की बडतर्फी झालीच नाही असं धरतात, तो कामगार पूर्ण पगारासह कामावर समजला जातो.

तुझा हितचिंतक