सगळ्यांचं एकच लॉगिन असेल तर

प्रश्न: आमच्या मंडळाच्या वर्डप्रेस साइटवर सहा-सात जण मजकूर टाकतात, सगळ्यांना एकच लॉगिन दिलंय. पासवर्ड अवघड केला तर पुरे का, की ओटीपी वगैरे लावावं? काही जण वयस्कर आहेत.

आधी ते एकच लॉगिन बंद करा. ते चालू आहे तोवर पासवर्ड कितीही अवघड केलात तरी तो ग्रुपवर फिरणारच. आणि ओटीपी लावलात तर कोड एकाच्या फोनवर येईल आणि बाकीचे सहा जण त्याला फोन करत बसतील.

आमचं गाव खानापूर तालुक्यातलं. वाचनालयाची साइट अशीच चालायची. `admin` हे नाव, गावाचं नाव आणि साल जोडून पासवर्ड. साहित्य संमेलन तोंडावर आलं असताना कार्यक्रमपत्रिकेच्या पानावर जुगाराच्या लिंका दिसायला लागल्या. पान पूर्ववत करणं सोपं होतं, वर्डप्रेस जुन्या प्रती `Revisions` मध्ये ठेवतंच. पण बदल कोणी केला हे बघायला गेलं तर प्रत्येक नोंदीपुढे एकच नाव, `admin`. मग बैठकीत आळ आला तो नुकताच भांडून ग्रुप सोडलेल्या एका पोरावर. त्या नोंदींवरून कोणाचंच नाव घेता येत नाही, हे मी परोपरीनं सांगितलं. कोणी ऐकलं नाही.

पासवर्ड बदलला, तरी लिंका परत आल्या. तेव्हा मी `Users` मध्ये जाऊन फक्त `Administrator` असलेल्या खात्यांची यादी बघितली. तिथं दुसरं एक खातं निघालं, आमच्यापैकी कोणीच न केलेलं. एकदा आत शिरलेला माणूस मागचं दार असं करून ठेवतो, आणि `admin` चा पासवर्ड बदलून ते दार बंद होत नाही. तुमच्याकडेही आज हीच यादी आधी बघा. आमचा पासवर्ड तर तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या ब्राउझरमध्ये सेव्ह झालेला निघाला. पत्रकं छापायला गेलेल्या एका सभासदानं तिथूनच लॉगिन केलं होतं. तो पोरगा मात्र पुन्हा वाचनालयात आला नाही.

आता अधिकारांचं. आमचे सरचिटणीस काका म्हणायचे, "आपलीच माणसं आहेत की, वेगवेगळे अधिकार म्हणजे अविश्वास." मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. खाती वेगळी असती तर कोणाच्या खात्यातून बदल झाला हे लगेच दिसलं असतं आणि त्या पोरावर बोट रोखलं गेलं नसतं.

`Administrator` फक्त दोघांना द्या. एकालाच नको, कारण त्याचा फोन हरवला तर त्याला आत घ्यायला दुसरा हवा. कार्यक्रमाचं पान बदलणाऱ्याला `Editor` लागतं, कारण `Author` ला फक्त स्वतःच्या पोस्ट लिहिता आणि प्रसिद्ध करता येतात, पानांना हात लावता येत नाही. बातम्या आणि फोटो टाकणाऱ्यांना `Author` द्या. `Contributor` सुरक्षित वाटतं, पण त्याला फोटो चढवता येत नाहीत आणि स्वतःचा लेख प्रसिद्ध झाल्यावर दुरुस्तही करता येत नाही. मग लोक वैतागतात आणि कोणीतरी सगळ्यांना `Administrator` करून मोकळा होतो. कोणी सोडून गेलं तर खातं काढताना वर्डप्रेस विचारतं, त्याच्या मजकुराचं काय करायचं. तिथं `Attribute all content to` निवडून दुसऱ्याचं नाव द्या, नाहीतर त्याचे लेख खात्याबरोबर जातील.

आता ओटीपीचं. पासवर्डनंतर कोडही मागणारं दोन टप्प्यांचं लॉगिन वर्डप्रेसमध्ये मुळात नाही, `Two Factor` नावाचं प्लगिन घालावं लागतं. एसएमएसच्या भानगडीत पडू नका. आमच्या जंगलपट्टीत रेंज नसते, काही पोरं गोव्यात कामाला असतात. फोनमधलं ऑथेंटिकेटर ॲप रेंज नसतानाही दर 30 सेकंदांना सहा आकडी नवा कोड देतं. बरोबर कोड टाकूनही नाकारला गेला, तर आधी फोनचं घड्याळ बघा. वेळ आपोआप लागेल असं सेटिंग हवं. हे प्लगिन कोणावर सक्ती करत नाही, म्हणून वयस्कर मंडळींच्या शेजारी बसून त्यांच्या प्रोफाइलमध्ये ते चालू करून द्यावं लागतं. त्याच वेळी फोन हाताशी नसताना चालणारे रिकव्हरी कोड कागदावर लिहून त्यांच्या घरी ठेवायला द्या.

पासवर्डसाठी एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन अक्षरांत घ्या. गाव, देव आणि साल त्यात नको. देवनागरी टाळा, दुसऱ्याच्या कीबोर्डवर अडकाल. आणि दर महिन्याला बदलायला लावू नका, लोक शेवटचा आकडा तेवढा बदलतात. फुटल्याचा संशय आला की मात्र लगेच बदला.

एक राहिलंच. पासवर्ड विसरल्याची लिंक ईमेलवर जाते, म्हणून दोन्ही `Administrator` च्या ईमेललाही दोन टप्पे लावा. आणि होस्टिंगचा पासवर्ड आजही ग्रुपवर पडलेला असेल, तर वरचं सगळं करूनही साइट उघडीच आहे. तो आज रात्रीच बदला. काका रागावले तर रागावू देत.