दोन लायसन्स, चार डिझायनर : स्टुडिओचालकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या नाशिकच्या स्टुडिओत दोन कॉम्प्युटर आणि चार डिझायनर आहेत. दोघं सकाळी, दोघं दुपारनंतर. एका वेळी दोघंच बसतात, म्हणून दोन सब्स्क्रिप्शन घेतली आणि दोन लॉगिन चौघांत वाटून दिली. सॉफ्टवेअरवाला म्हणतो, चार घ्यावी लागतील. तो धंदा वाढवायला बोलतोय का?

त्याला चार विकायला आवडतीलच, पण तुमच्या बाबतीत तो बरोबर बोलतोय. लायसन्स हातात आलं की सगळ्यात आधी एकच गोष्ट शोधायची : ते मोजतं काय? काही लायसन्स मशीन मोजतात, काही माणसं मोजतात आणि काही एका वेळी किती जण वापरतात ते मोजतात. तुमचं गणित यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या प्रकाराला लागू पडतं. म्हणजे मशीन मोजणारं लायसन्स असेल तर दोन पुरेत, एका वेळचे वापरकर्ते मोजणारं असेल तरीही दोनच पुरेत. पण माणसं मोजणारं असेल तर चार माणसांना चार, मग ती पाळीने येवोत नाहीतर एकदम.

आपल्याकडे हा घोळ होतो तो डोंगलच्या सवयीमुळे. मराठी डीटीपीचं सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं हार्डवेअर लॉकवर चालत आलं. लॉक ज्या मशीनला लावला तिथे काम सुरू, मग खुर्चीत कोणीही बसो. ईमेलने लॉगिन करायची सब्स्क्रिप्शन तशी नसतात, ती माणसं मोजतात. अ‍ॅडोबीच्या वैयक्तिक सब्स्क्रिप्शनमध्ये दोन कॉम्प्युटरवर लॉगिन ठेवता येतं, हे ऐकून अनेकांना वाटतं की दोन माणसांची सोय झाली. तसं नाही. दुसरा कॉम्प्युटर त्याच माणसाच्या लॅपटॉपसाठी आहे, आणि तोही दोन्हीकडे एकाच वेळी काम करण्यासाठी नाही. तिसऱ्या मशीनवर लॉगिन केलं की आधीच्या एकावरून बाहेर पडायला सांगणारी खिडकी येते. ती वारंवार दिसत असेल, तर लॉगिन अनेकांच्या हातात आहे हे कंपनीलाही दिसतंच.

एका वेळचे वापरकर्ते मोजणारं, म्हणजे फ्लोटिंग किंवा नेटवर्क लायसन्स मिळतं का ते विक्रेत्याला जरूर विचारा, पण फार आशा ठेवू नका. ऑटोडेस्कने 2020 पासून नेटवर्क लायसन्स मागे घेऊन माणसाच्या नावाची लायसन्स आणली, आणि बाकीच्यांचा कलही तिकडेच आहे.

टीमच्या योजनेत एक सोय मात्र खरी आहे. लायसन्स स्टुडिओच्या मालकीचं राहतं आणि डिझायनर सोडून गेला की ते दुसऱ्याच्या नावावर करता येतं. रोज दुपारी नाव बदलून पाळी चालवावी, असा तिचा अर्थ नाही. मायक्रोसॉफ्टच्या व्हॉल्यूम लायसन्समध्ये तर एकदा बदललेलं नाव साधारणपणे 90 दिवस पुन्हा बदलता येत नाही. आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो : डिझायनरच्या खाजगी ईमेलवर सब्स्क्रिप्शन घेऊ नका. तो गेला की लायसन्स जातंच, पण त्या खात्याच्या क्लाउडमध्ये ठेवलेल्या ग्राहकांच्या फाइलीही त्याच्याबरोबर जातात.

प्रश्न : हार्डडिस्क बसली तर पुन्हा धावपळ नको, म्हणून सॉफ्टवेअर बसवलेल्या डिस्कची अख्खी प्रत काढून ठेवली आहे. करारात ‘प्रत काढण्यास मनाई’ असं छापलंय. मी गुन्हा केला का?

नाही. कॉपीराइट कायदा, 1957 मधल्या कलम 52(1)(aa) नुसार, कायदेशीरपणे कॉम्प्युटर प्रोग्रामची प्रत बाळगणारा माणूस, ती हरवण्या-बिघडण्यापासून संरक्षण म्हणून बॅकअप काढू शकतो. अट अशी की सॉफ्टवेअर ज्या कामासाठी दिलं त्याच कामासाठी बॅकअप वापरायचा.

अडचण प्रत काढण्यात नसते, ती प्रत सुरू करण्यात असते. जुनी डिस्क गेली आणि तिच्या जागी ही बसवली, तर एकाच्या जागी एक. पण नवा कॉम्प्युटर आला म्हणून हीच प्रत त्यात उतरवली आणि जुनाही चालू ठेवला, तर तो बॅकअप राहिला नाही, दुसरं इन्स्टॉलेशन झालं. डिझायनरला ‘घरी थोडं काम कर’ म्हणून दिलेल्या पेनड्राइव्हचंही तेच. क्रॅक केलेल्या प्रतीला तर हे कलम लागूच होत नाही, कारण तिथे कायदेशीर ताबाच नसतो. उलट कलम 63B लागतं : बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती कॉम्प्युटरवर वापरली, तर किमान 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं, पण स्टुडिओ हा धंदाच आहे.

प्रश्न : जुन्या कोरलड्रॉचा बॉक्स आणि विंडोज असलेले दोन कॉम्प्युटर विकायचे आहेत. विकता येतील का? आणि ऑनलाइन सात-आठशे रुपयांत मिळणाऱ्या ‘की’ घ्याव्यात का?

कॉम्प्युटरसोबत आलेलं विंडोज त्या कॉम्प्युटरसोबतच जातं. मायक्रोसॉफ्टच्या अटीच तशा आहेत, त्यामुळे मशीन विकताना ते खुशाल द्या. फक्त त्याच्यावरचं विंडोज काढून वेगळं विकता येणार नाही, किंवा तुमच्या नव्या मशीनवर नेता येणार नाही. तुमच्या नावाची सब्स्क्रिप्शन मात्र विकण्याआधी त्या मशीनवरून लॉगआउट करा आणि प्रोग्राम काढून टाका.

बॉक्सचं प्रकरण जरा नाजूक आहे. वाचून झालेलं पुस्तक तुम्ही रद्दीत द्या नाहीतर मित्राला विका, कायदा आड येत नाही, कारण कॉपीराइट कायद्याच्या कलम 14 मधल्या पुस्तकांबद्दलच्या तरतुदीत आधीच चलनात असलेल्या प्रती वगळल्या आहेत. कॉम्प्युटर प्रोग्रामच्या तरतुदीत तशी सवलत लिहिलेली नाही. त्यामुळे ‘मी पैसे मोजले, माझी वस्तू’ एवढ्यावर विसंबू नका. त्या आवृत्तीच्या करारात हस्तांतराचं कलम शोधा. परवानगी असेल तर सहसा तीन अटी असतात : बॉक्स, डिस्क आणि सीरियल नंबर एकत्र द्यायचे, स्वतःकडची प्रत पुसायची आणि नव्या मालकाने करार मान्य करायचा. अपग्रेड म्हणून घेतलेली आवृत्ती असेल, तर मूळ आवृत्तीही सोबत जावी लागते. कलम सापडलं नाही तर कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

स्वस्त ‘की’ विकणारे कधीकधी युरोपातल्या निकालाचा दाखला देतात. 2012 मध्ये युरोपीय न्यायालयाने ओरॅकलच्या प्रकरणात कायमस्वरूपी घेतलेलं लायसन्स पुढे विकता येतं असं ठरवलं, हे खरं आहे. पण विकणाऱ्याने स्वतःची प्रत निकामी केली पाहिजे आणि अनेकांचं एकत्र लायसन्स तोडून सुट्टं विकता येणार नाही, हेही त्याच निकालात आहे. शिवाय तो भारतात लागू नाही. अमेरिकेत त्याच्या दोन वर्षं आधी, ऑटोकॅडच्या जुन्या प्रती इबेवर विकणाऱ्याविरुद्ध नेमका उलटा निकाल लागला होता. सातशे रुपयांची की सहसा कुठल्यातरी संस्थेच्या मोठ्या लायसन्समधून तोडलेली किंवा दुसऱ्या मशीनसाठी दिलेली असते. आज ती चालते, आणि कंपनीने ती बाद केली की बंद पडते. तुमच्याकडे ना जीएसटीचं धड बिल असतं, ना तुमच्या नावाचं लायसन्स. मी घेणार नाही.

प्रश्न : व्हिजिटिंग कार्डसाठी वेबसाइट काढतोय. ग्राहक नाव-पत्ता टाकेल, भाड्याच्या क्लाउड मशीनवर आमचं इनडिझाइन मजकूर बसवून पीडीएफ काढेल. त्याच मशीनवर आमचे डिझायनरही घरून काम करतील. लायसन्स तर आमचंच आहे, मग काय हरकत?

यात दोन वेगळी कामं आहेत.

डिझायनरचं सोपं आहे. त्याने घरून ऑफिसमधल्याच कॉम्प्युटरवर रिमोटने जाऊन स्वतःच्या लॉगिनने काम केलं, तर माणूस तोच आणि मशीनही तेच, बहुतेक लायसन्सना ते चालतं. भाड्याच्या मशीनवर चौघं एकदम शिरणार असतील तर विंडोजचाच हिशोब आधी येतो. साध्या विंडोजवर एका वेळी एकच जण बसू शकतो. ही मर्यादा उठवणारे पॅच इंटरनेटवर मिळतात, पण ते लायसन्सच्या बाहेरचे. विंडोज सर्व्हरवर देखभालीसाठी दोन जणांना प्रवेश मिळतो. रोजच्या कामासाठी मात्र प्रत्येक माणसाचं किंवा उपकरणाचं वेगळं प्रवेश-लायसन्स लागतं. त्यात चार डिझायनर म्हणजे इनडिझाइनचीही चारच लायसन्स. आणि तयार क्लाउड मशीनची हुबेहूब इमेज काढून दुसरं सुरू केलंत, तर दोन इन्स्टॉलेशन झाली. तिथे तो प्रकार दोन क्लिकमध्ये होतो म्हणून लक्षात येत नाही, इतकंच.

वेबसाइटचं काम मात्र या लायसन्सवर करू नका. साधं इनडिझाइन समोर बसलेल्या माणसासाठी विकलं जातं. वेबसाइटवरून आलेल्या ऑर्डरीवर ते आपोआप चालवायचं म्हणजे तुमचे शेकडो ग्राहक आडून ते वापरतात. करारात ‘होस्टिंग’, ‘सर्व्हिस ब्युरो’, ‘टाइम-शेअरिंग’, ‘तिसऱ्या पक्षासाठी’ हे शब्द शोधा, अशा वापराची मनाई बहुधा तिथेच असते. अ‍ॅडोबी याच कामासाठी ‘इनडिझाइन सर्व्हर’ हे वेगळं उत्पादन विकते, यावरूनच साध्या प्रतीची हद्द कळावी. छोट्या स्टुडिओला ते महाग पडतं.

व्हिजिटिंग कार्डसारख्या आखीव कामाला मी इंकस्केप हा फुकट मिळणारा ड्रॉइंग प्रोग्राम सुचवेन. त्याचं जीपीएल लायसन्स माणसं, मशीन, सर्व्हर काहीच मोजत नाही, आणि त्यातून निघालेलं डिझाइन तुमचंच राहतं. साच्याच्या एसव्हीजी फाइलमध्ये तुमच्या प्रोग्रामने ग्राहकाचं नाव भरलं, की पुढचं काम एका ओळीचं :

```
inkscape card.svg --export-filename=card.pdf
```

युनिकोड देवनागरीची जोडाक्षरं नीट बसतात. मात्र ही पीडीएफ आरजीबी निघते. ऑफसेटला द्यायची तर सीएमवायकेत वेगळी बदलावी लागेल, आणि काळ्या अक्षरांचा चार रंगांचा काळा होत नाही ना, ते पहिल्या प्रुफावरच बघा.

प्रश्न : प्रेसवाला ओपन फाइलसोबत फॉन्टही मागतो. पाठवले तर?

फॉन्टही सॉफ्टवेअरच आहे आणि बहुतेक विकतचे फॉन्ट तुमच्या स्टुडिओपुरते असतात. अ‍ॅडोबी फॉन्ट्समधले तर इनडिझाइनचा पॅकेज आदेश उचलतच नाही; प्रेसकडे त्यांची स्वतःची सब्स्क्रिप्शन लागते. पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड करून किंवा अक्षरं आउटलाइन करून पाठवा, छपाईला तेवढं पुरतं. प्रेसला मजकूर बदलायचाच असेल, तर ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ यांच्यासारखे ओपन फॉन्ट लायसन्समधले फॉन्ट वापरा. ते फाइलसोबत खुशाल देता येतात, फक्त सुटे विकायला परवानगी नाही. वरच्या प्रश्नातल्या वेबसाइटलाही हेच फॉन्ट बरे, कारण विकतच्या फॉन्टला ग्राहक स्वतः मजकूर टाकणार असेल तर बहुधा सर्व्हरचं वेगळं लायसन्स मागतात.