मराठी-हिंदी मिसळलेल्या मुलाखती: टूल कोणतं आणि अचूकता कशी मोजायची

प्रश्न: निपाणी-बेळगाव भागातल्या शेतकरी आणि व्यापाऱ्यांच्या मुलाखती आम्ही रेकॉर्ड करतो. बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी. लिहून देणारं कोणतं टूल घ्यावं? एक जण ९५ टक्के अचूकता सांगतोय, खरं मानायचं का?

उत्तर:

मानू नका. ती टक्केवारी कशी काढली हे तो सांगेपर्यंत तरी नाही. असली टूलं विकणाऱ्यांशी माझा हा वाद जुना आहे आणि तो एका वाक्यावर दाखवता येतो. समजा शेतकरी म्हणतो:

‘तो बोलला, भैया आज रेट नहीं मिलेगा, मग मी माल परत आणला.’

शब्द १२. एक टूल लिहितं, ‘तो बोलला, भैया आज रेट मिळेल, मग मी माल परत आणला.’ एक शब्द गळला, एक बदलला, म्हणजे १२ मध्ये २ चुका, जवळपास १७ टक्के. दुसरं टूल ‘बोल्ला’, ‘नही’, ‘आनला’ असं लिहितं. ३ चुका, २५ टक्के. आकड्यावर पहिलं जिंकतं, पण त्यात शेतकऱ्याचं म्हणणं उलटं झालंय. दुसऱ्यात फक्त शुद्धलेखन गेलंय.

पहिल्या प्रकारची चूक ओपनएआयच्या व्हिस्परसारख्या, बोलणं लिहून काढणाऱ्या मॉडेलमध्ये होते. त्याला एका फाईलला एकच भाषा ठरवावी लागते. तुम्ही नाही सांगितली तर ते पहिल्या ३० सेकंदांवरून ओळखतं आणि शेवटपर्यंत तीच धरतं. मराठी ठरली की मधली हिंदी वाक्यं ते कधी कधी चक्क मराठीत फिरवतं, हिंदी ठरली तर उलट. वाचायला मजकूर गुळगुळीत लागतो, म्हणून आवाज न ऐकता तपासणाऱ्याला हे कळतच नाही.

आयआयटी मद्रासच्या एआय४भारतचं इंडिककन्फॉर्मर मॉडेल ऐकू आलेल्या आवाजाला जास्त चिकटून राहतं. भाषा त्यालाही सांगावी लागते, शुद्धलेखनही घसरतं. तरी मुलाखतींसाठी मी तेच आधी चालवून बघेन, कारण चुकलेला ‘ण’ हाताने दुरुस्त होतो, गळलेला ‘नहीं’ सापडत नाही.

व्हिस्परच वापरायचं असेल तर बोलणारा बदलेल तिथे फाईल तोडा आणि ज्याची जी मुख्य भाषा ती प्रत्येक तुकड्याला सांगा. वाक्यावाक्याला तोडू नका. तीन-चार शब्दांवरून मराठी की हिंदी हे त्याला नीट ओळखता येत नाही.

```
ffmpeg -i bazar.mp4 -ac 1 -ar 16000 bazar.wav
whisper bazar.wav --model large-v3 --language mr --condition_on_previous_text False
```

शेवटचा पर्याय विसरू नका. तो नसेल तर एखाद्या शांत जागी सुरू झालेली वाक्याची पुनरावृत्ती पुढच्या मजकुरातही ओढली जाते.

आता मोजणी. वेगवेगळ्या व्हिडिओंच्या मधून दोन-दोन मिनिटं घेऊन साधारण १० मिनिटं हाताने लिहून काढा. सुरुवातीची ओळख घेऊ नका, तिथे सगळेच सावकाश आणि शुद्ध बोलतात. टूलचा मजकूर समोर ठेवून दुरुस्त करत बसू नका, कान त्याच्याच मागे जातो. ‘नही-नहीं’, ‘घरा समोर-घरासमोर’, ‘२५०-अडीचशे’ अशा चालणाऱ्या जोड्यांची यादी आधीच ठरवा आणि दोन्ही मजकूर त्या यादीतून काढून मगच चुका मोजा. वरच्या उदाहरणात ‘बोल्ला’ आणि ‘आनला’ही यादीत घेतले तर दुसऱ्या टूलच्या चुका शून्यावर येतात, पहिल्याच्या दोनच राहतात. नकार, भाव आणि वजनं यांच्या चुका वेगळ्या मोजा. तिथे एकही चूक चालवून घेऊ नका.

आणि त्या ९५ टक्क्यांबद्दल विकणाऱ्याला हे विचाराच: मोजण्याआधी मजकूर कशाने साफ केला? व्हिस्परसोबत येणारा साधा नॉर्मलायझर देवनागरीतल्या काना-मात्रा-वेलांट्या आणि अनुस्वार विरामचिन्हांसारखे पुसून तिथे मोकळी जागा सोडतो. मग ‘दिवा’ आणि ‘देव’ दोन्ही ‘द व’ होतात, ‘घेतला, घेतली, घेतले’ तिन्ही ‘घ तल’. आंबा घेतला की आंबे घेतले, ही चूक मोजणीत दिसतच नाही. मात्रा ठेवून पुन्हा मोजायला सांगा आणि तुमची १० मिनिटं त्याच्याकडून चालवून घ्या. तयार नसेल तर दुसरा बघा.

एक राहिलं. हे सगळं स्वच्छ आवाजाला धरून लिहिलंय. लिलावात चार जण एकदम बोलत असतील तर कोणतंही टूल पुरत नाही, बोलणाऱ्याच्या कॉलरला माईक लावा. आपल्याकडचं ‘काय करायलास’, दखनीतलं ‘मेरेकू’ आणि मधेच येणारे कानडी शब्द मॉडेल ओळखीच्या रूपात बदलून टाकतं. गावांची, पिकांची नावं `--initial_prompt` मध्ये देता येतात, पण वरच्या पर्यायासोबत त्यांचा परिणाम पहिल्या ३० सेकंदांपुरताच राहतो, म्हणून तुकडे छोटे ठेवून प्रत्येकाला ती नावं पुन्हा द्या.