वस्तू तीन, ओळी सात : कन्सॉलिडेटच्या तक्रारी

मार्च संपला की शाखांच्या शीटा एकत्र करायची घाई सुरू होते आणि त्याबरोबर एकाच धाटणीचे प्रश्नही येऊ लागतात. मागे वैयक्तिक उत्तरं दिली, तरी गोंधळ तोच आहे. म्हणून या वेळी सगळे प्रश्न एकत्र घेतले आहेत. उत्तरं एक्सेलच्या Data टॅबमधल्या Consolidate या साधनापुरतीच आहेत.

चिपळूण, रत्नागिरी आणि मालवण या तीन शाखांच्या शीटा Consolidate केल्या. वस्तू तीनच आहेत, पण ओळी सात आल्या. एकूण बेरीज मात्र बरोबर जुळते. मग चूक कुठे आहे?

चूक नावांत आहे, आणि बेरीज जुळते म्हणूनच ती लपते. तुम्ही पाठवलेले आकडे किलोत असे आहेत. चिपळूण : काजूगर 40, आमसूल 25, आंबापोळी 60. रत्नागिरी : काजुगर 55, आमसूल 30, आंबापोळी 45. मालवण : काजूगर 35, आमसुल 20, आंबा पोळी 50.

आता नावं अक्षर-अक्षर वाचा. रत्नागिरीच्या काजुगरात जु ऱ्हस्व आहे. मालवणच्या आमसुलात सु ऱ्हस्व आहे. मालवणच्याच आंबा पोळीत मधे जागा आहे. रत्नागिरीचं ‘आमसूल’ डोळ्यांना अगदी बरोबर दिसतं, पण त्याच्या शेवटी एक स्पेस आहे. शेजारच्या रिकाम्या खान्यात `=LEN(B3)` लिहिलंत तर चिपळूणचा आकडा 5 येईल आणि रत्नागिरीचा 6.

`Left column` वर खूण असली की एक्सेल डावीकडची नावं जुळवून बेरीज करतं. नाव जुळलं नाही, तर वस्तू नवी आहे असं धरून तिला स्वतंत्र ओळ देतं. त्यामुळे काजूगर 75 आणि काजुगर 55 अशा दोन ओळी झाल्या. आमसुलाच्या तीन झाल्या : 25, 30 आणि 20. आंबापोळीच्या दोन : 105 आणि 50. सातही ओळींची बेरीज 360 आणि तिन्ही शाखांची बेरीजही 360. काहीच हरवलेलं नाही, फक्त फुटलेलं आहे. पण या कागदावरून कुणी आमसुलाचा साठा बघितला, तर पहिल्या ओळीतले 25 वाचून तो पुढे जाईल. खरा आकडा 75 आहे. म्हणून ताळा घेताना एकूण बेरजेबरोबर ओळीही मोजा. वस्तू तीन असतील तर ओळीही तीनच हव्यात.

TRIM लावलं, शेवटच्या स्पेस गेल्या. तरी ‘कैऱ्या’ दोन ओळींत येतात. दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात.

`TRIM` फक्त साधी स्पेस काढतं. व्हॉट्सअॅपवरून किंवा एखाद्या वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरात बरेचदा न तुटणारी स्पेस येते. तिचा क्रमांक 160 आहे आणि `TRIM` तिला हात लावत नाही. ती आधी साध्या स्पेसमध्ये बदलावी लागते.

कैऱ्यांचं दुखणं निराळं आहे. हा ‘ऱ्य’ दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतात. काही साधा ‘र’ घेतात, त्याचा पाय मोडतात आणि पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालतात. पडद्यावर आकृती एकच उमटते, पण `LEN` एकीकडे 6 आणि दुसरीकडे 7 देतं. ते जोडचिन्ह नुसतं पुसू नका. पुसलंत तर डोक्यावर रफार येऊन शब्द ‘कैर्या’ होईल. पूर्ण जोडीच बदला :

```
=TRIM(SUBSTITUTE(SUBSTITUTE(B2,UNICHAR(160)," "),
UNICHAR(2352)&UNICHAR(2381)&UNICHAR(8205),
UNICHAR(2353)&UNICHAR(2381)))
```

इथे `CHAR` न वापरता `UNICHAR` वापरलं आहे, कारण मॅकवर `CHAR(160)` वेगळंच चिन्ह देतं. `UNICHAR` एक्सेल 2013 पासून आहे. त्याआधीची आवृत्ती असेल तर संगणक सांभाळणाऱ्या माणसाशी बोलून घ्या.

शाखांचे फॉन्ट वेगळे आहेत म्हणून असं होतं, असं ऐकलं. खरं का?

मंगल आणि कोकिळा यांच्यातल्या फरकाने काही होत नाही, दोन्ही युनिकोड आहेत. एखादी शाखा अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करत असेल तर मात्र खान्यात खरी रोमन अक्षरंच असतात. खान्यावर क्लिक करून वरच्या फॉर्म्युला बारमध्ये बघा. तिथे मराठीऐवजी अगम्य रोमन अक्षरं दिसली तर ती शीट आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. ऐकीव गोष्टीवर सगळ्या शीटांचे फॉन्ट बदलत बसू नका.

Consolidate केल्यावर वस्तूंची नावं गायब झाली आणि काजूगराचे आकडे कोकमाच्या आकड्यांत मिसळले.

तुमच्या निवडीत डावीकडचा पहिला रकाना अ.क्र. आहे. एक्सेल नाव म्हणून सर्वांत डावीकडचा एकच रकाना घेतं. त्यामुळे गुहागरचा 3 क्रमांक दापोलीच्या 3 क्रमांकाशी जुळला, मग त्यासमोर वस्तू कोणतीही असो. दुसऱ्या रकान्यातली नावं अंक नसल्याने रिकामी आली. निवड वस्तूच्या नावाच्या रकान्यापासून सुरू करा. `Left column` ची खूणच राहून गेली तरी असंच होतं. तेव्हा फक्त जागा बघून बेरीज होते, आणि एका शाखेने मधे एक ओळ घातली की तिच्या खालचं सगळं सरकतं.

एकत्र शीटमध्येच जास्तीच्या ओळी हाताने मिळवून टाकल्या आणि नको त्या पुसल्या तर काय बिघडतं? महिन्याला दहा मिनिटांचं काम आहे.

बरंच बिघडतं, आणि नेमकी हीच सवय मला सर्वांत जास्त खटकते.

एक तर पुढच्या महिन्यात तेच काम पुन्हा येतं, आणि या वेळी कुणी चौथ्या प्रकारे लिहिलेलं असतं. दुसरं, हाताने मिळवलेल्या आकड्याचा माग राहत नाही. ऑडिटच्या वेळी 75 कुठून आले असं विचारलं, तर कोणत्याच शाखेच्या शीटवर बोट ठेवता येत नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : कोणती नावं एकाच वस्तूची आहेत हे तुम्ही मुख्य कार्यालयात बसून अंदाजाने ठरवता. ‘काजूगर’ आणि ‘काजुगर’ एकच, हे कुणीही सांगेल. पण एका शाखेने नुसतं ‘काजू’ लिहिलं असेल तर? कोकणात काजू म्हणजे बीही असते आणि गरही. साधारण चार किलो बियांतून एक किलोच्या आसपास गर निघतो. दोन शाखांनी ‘काजू’ असंच लिहिलं आणि एकीचा माल बी, दुसरीचा गर असेल, तर एक्सेल दोन्ही गुपचूप एका ओळीत मिळवतं. जास्तीची ओळ येत नाही, बेरीज जुळते, आणि साठ्याचा आकडा निरर्थक होतो. फुटलेली ओळ निदान दिसते. चुकून जुळलेली ओळ दिसतच नाही.

म्हणून दुरुस्ती शाखेच्या शीटमध्ये आणि ठरवलेल्या नावांच्या आधाराने करा. आत्ता आलेला सात ओळींचा निकाल फेकू नका, तुमच्याकडची नावांची सगळी रूपं त्यातच आहेत. ‘नावे’ नावाची नवी शीट करा. तिच्या A रकान्यात ही सगळी रूपं आणि B रकान्यात ठरवलेलं एक नाव लिहा. C रकान्यात एकक लिहा. काजूसाठी एचएसएन क्रमांकही लिहा : सालीसकट बी 080131, सोललेला गर 080132. संशयाचं प्रत्येक नाव B मध्ये लिहिण्याआधी त्या शाखेच्या हिशेबनिसाला फोन करून विचारा. हा फोन टाळायचा नाही.

मग प्रत्येक शाखेच्या शीटमध्ये नावाच्या रकान्यानंतर, आकड्यांच्या लगेच डावीकडे, एक रकाना घाला आणि त्यात हे लिहा :

```
=IFERROR(VLOOKUP(TRIM(B2),'नावे'!$A$2:$B$60,2,FALSE),"तपासा")
```

शाखांच्या फायली वेगळ्या असतील तर ‘नावे’ ही शीट प्रत्येक फाइलमध्ये हवी. Consolidate करताना निवड या नव्या रकान्यापासून करा, म्हणजे डावीकडचं नाव तेच धरलं जाईल. तक्त्यात नसलेली सगळी नावं ‘तपासा’ या एका ओळीत गोळा होतील. ती ओळ असेपर्यंत अहवाल पुढे पाठवू नका. वरच्या उदाहरणात हे केलं की काजूगर 130, आमसूल 75 आणि आंबापोळी 155 अशा तीनच ओळी येतात.

पुढच्या महिन्यांसाठी शाखेच्या नावाच्या रकान्याला `Data Validation` मधून `List` लावा. एक लक्षात ठेवा : टाइप केलेलं चुकीचं नाव ती अडवते, चिकटवलेलं अडवत नाही. म्हणून शीट आली की त्याच मेनूतलं `Circle Invalid Data` चालवून बघा. बंद झालेल्या महिन्यांच्या शीटांमधली नावं बदलायची असतील तर आधी तुमच्या सीएंना विचारा. विवरणपत्र भरून झालं असेल तर त्या फायलींना परस्पर हात लावू नका.

सारखी दिसणारी नावं आपोआप जुळवणारं अॅड-इन एक जण विकतोय. घ्यावं का?

नको. अंदाजे जुळवणी एक्सेलच्या पॉवर क्वेरीत वेगळे पैसे न देता मिळते, आणि तिथेही ती डोळे मिटून वापरू नये. ‘कोकम आगळ’ आणि ‘कोकम सरबत’ यांच्यात बरीच अक्षरं सारखी आहेत, पण माल वेगळा आहे. अंदाजे जुळवणीचा उपयोग ‘नावे’ शीटचा पहिला मसुदा करण्यापुरता. B रकाना माणसानेच भरायचा. विक्रेता ‘शंभर टक्के अचूक’ म्हणत असेल, तर तुमच्या शाखांची ‘काजू’ लिहिलेली शीट त्याच्यासमोर ठेवा आणि ही बी की गर, एवढंच विचारा.

नावं सुधारली, निवड बदलून पुन्हा Consolidate केलं. आता काही आकडे दुप्पट येतात.

`All references` मध्ये जुनी निवड तशीच राहिली आहे. ती निवडून `Delete` करा, जुना निकाल पुसा आणि पुन्हा चालवा.

शाखेने आकडा बदलला की एकत्र शीट आपोआप बदलते का?

नाही. `Create links to source data` वर खूण केली तर बदलते, पण मूळ निवडीच्या खाली घातलेल्या नव्या ओळी तरीही येत नाहीत. शाखा दर महिन्याला ओळी वाढवत असतील तर दुवे न जोडता दर वेळी निवड नव्याने द्या, आणि शेवटची ओळ कोणती हे शाखेला विचारून घ्या.