टाकी रिकामी व्हायचा वेळ: सूत्र सव्वादोन मिनिटं सांगतं, घड्याळ चार

प्रश्न: उद्यमबागेतल्या आमच्या शेडमध्ये ५०० लिटरची हवेची टाकी आहे. काटा ८ बार, तापमान ३० अंश, ६ मिमीच्या भोकातून हवा सोडतो. आयसेंट्रॉपिक सूत्राने १३४ सेकंद येतात, पण काटा शून्यावर यायला चार मिनिटं लागतात. माझं कुठे चुकतंय?

उत्तर: तुमचा आकडा बरोबर आहे, फक्त तो शून्यापर्यंतचा नाही.

```
tau = V / (Cd*A*a0*0.579)
t = 5*tau*((P0/P)^(1/7) - 1)
```

`V` म्हणजे टाकीचं आकारमान, `A` भोकाचं क्षेत्रफळ, `a0` सुरुवातीच्या तापमानाला ध्वनीचा वेग, `Cd` भोकाचा प्रवाह गुणांक, `P0` आणि `P` सुरुवातीचा आणि शेवटचा निरपेक्ष दाब. हे सूत्र हवेसाठी आहे आणि भोकात ध्वनीचा वेग टिकून असेपर्यंतच चालतं. त्यासाठी टाकीतला निरपेक्ष दाब बाहेरच्या दाबाच्या किमान १.८९ पट लागतो. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर, म्हणजे बाहेर ०.९३ बार. टाकीत १.७६ बार उरले, म्हणजे काट्यावर ०.८३ दिसले, की चोकिंग, म्हणजे भोकातला ध्वनीचा वेग, संपलं. सुरुवातीचा दाब ८.९३ आणि `Cd` ०.८५ धरला तर `tau` १०३ सेकंद आणि तिथवरचा वेळ १३४ सेकंद. त्यापुढे प्रवाह मंदावत जातो आणि उरलेल्या ०.८३ बारालाच साधारण दीड मिनिट लागतं. तेव्हा घड्याळ शून्यावर नको, ०.८३ वर थांबवा.

तिथेही १३४ पेक्षा थोडे जास्तच सेकंद येतील. आयसेंट्रॉपिक मॉडेल हवेला बाहेरून उष्णता मिळत नाही असं धरतं, त्याप्रमाणे आतली हवा उणे ८२ अंशांपर्यंत गार व्हायला हवी, पण लोखंडी पत्रा तिला तेवढी गार होऊ देत नाही, सतत उष्णता देत राहतो. तापमान अजिबात उतरलं नाही असं धरलं तर वेळ `tau*ln(P0/P)`, म्हणजे १६७ सेकंद. तुमचं मोजमाप या दोन आकड्यांच्या मध्ये बसायला हवं. १६७ च्याही वर गेलं तर भोकाआधीचा व्हॉल्व्ह किंवा पाइप अरुंद आहे का, पुढे सायलेन्सर लावलाय का ते बघा. तसं असेल तर प्रवाह तुमचं भोक ठरवतच नाही.

हवा किती गार झाली हे थर्मामीटरशिवाय कळतं, आणि मला या सगळ्यात हाच भाग फार आवडतो. काटा ०.८ वर आला की व्हॉल्व्ह बंद करून दहा मिनिटं थांबा. काटा आपोआप वर चढेल. समजा १.३ वर स्थिरावला, तर आतली हवा ३०३ × १.७३ ÷ २.२३ = २३५ केल्विन, म्हणजे उणे ३८ अंशांवर होती. पत्र्याने काहीच उष्णता दिली नसती तर काटा १.८ च्या पुढे गेला असता.

आमच्याकडे एकदा काटा असा चढलेला बघून पोरांनी हवा उलटी येऊ न देणारा एनआरव्ही गळतोय म्हणून तो खोलायला घेतला होता. व्हॉल्व्ह चांगला होता, हवा गरम होत होती. म्हणून टाकीचं झाकण काढायचं असेल तर काटा शून्यावर आल्यावरही ड्रेन उघडाच ठेवा, बंद करून पाना लावू नका.