विहिरींच्या पाण्यातल्या शिशाचे 'BDL' आलेले नमुने पेपरमध्ये कसे दाखवायचे?

प्रश्न: 40 विहिरींचं पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासलं. आधी 30 विहिरींत शिसं 'BDL', म्हणजे यंत्राला सापडण्याच्या मर्यादेखाली, आलं (एएएस, मर्यादा 5), नंतर 10 विहिरींत (आयसीपी-एमएस, मर्यादा 0.5). BDL च्या जागी मर्यादेची निम्मी किंमत धरून सरासरी काढली आणि पावसाळ्यानंतर घट झाली असं लिहिलं. रिव्ह्यूअर म्हणतो, हे चालणार नाही. काय करू?

उत्तर:

रिव्ह्यूअरचं म्हणणं बरोबर आहे. निम्मी किंमत धरल्यामुळे आकडे थोडे इकडेतिकडे झाले असते तर फारसं बिघडलं नसतं. तुमच्या बाबतीत मात्र ती घटच कदाचित या पद्धतीतून आलेली आहे, कारण दोन ऋतूंत यंत्रं वेगळी होती आणि मर्यादाही वेगळ्या.

हे आठ विहिरींवर करून बघू, BDL चं प्रमाण तुमचंच ठेवून. आकडे मी समजण्यासाठी घेतलेत आणि सगळे मायक्रोग्रॅम प्रति लिटरमध्ये आहेत. समजा, पाण्यात खरं शिसं 0.3, 0.4, 0.7, 0.9, 1.2, 1.6, 6 आणि 9 आहे आणि दोन्ही ऋतूंत तेच आहे, काडीचाही फरक नाही. पावसाळ्याआधी मर्यादा 5, म्हणून पहिल्या सहा विहिरी BDL. त्यांच्या जागी 2.5 धरले की सरासरी येते 3.75. पावसाळ्यानंतर मर्यादा 0.5, म्हणून फक्त दोन विहिरी BDL. त्यांच्या जागी 0.25 धरले की सरासरी 2.49. पाण्यात काहीच बदललं नाही, तरी कागदावर एक तृतीयांश घट दिसते. ती पावसाने केलेली नाही, आयसीपी-एमएसने केलेली आहे. मर्यादेला दोनाच्या वर्गमुळाने भागून जे काहीजण वापरतात, त्यानेही हा दोष जात नाही. तिथेही प्रत्येक ऋतूत भरलेला आकडा त्या ऋतूच्या यंत्राकडूनच येतो.

आता याच आठ विहिरींवर एक सोपी चाचणी करा, आणि ती तुमच्या खऱ्या आकड्यांवरही करा. BDL च्या जागी आधी सगळीकडे शून्य धरा, मग सगळीकडे पूर्ण मर्यादा धरा. पावसाळ्यानंतरची सरासरी या दोन टोकांत 2.43 ते 2.55 एवढीच हलते, म्हणजे तिथे तुम्ही काय धरता याला महत्त्व नाही. पावसाळ्याआधीची सरासरी 1.88 पासून 5.63 पर्यंत जाते. याचा अर्थ सरळ आहे: त्या ऋतूची सरासरी तुमच्या डेटात नाहीच. ती देऊ नका. तिथे 'मध्यक 5 पेक्षा कमी' इतकंच लिहिता येतं. पावसाळ्यानंतर मात्र BDL निम्म्याहून कमी असल्यामुळे मध्यक काहीही न भरता मिळतो, या उदाहरणात 1.05.

दोन ऋतूंची तुलना करायचीच असेल तर दोन्हीकडे मोठी मर्यादा लावा. पावसाळ्यानंतरचं जे काही 5 च्या खाली आहे, मग ते 0.7 असो की 1.6, त्याला तुलनेपुरतं '<5' म्हणा. असं केलं की उदाहरणात दोन्ही ऋतूंत आठपैकी दोन विहिरी 5 च्या वर राहतात आणि घट नाहीशी होते. विहिरी त्याच असल्यामुळे नमुने जोडीचे आहेत, म्हणून मॅकनेमार चाचणी वापरा. किती विहिरी 5 च्या वरून खाली गेल्या आणि किती खालून वर आल्या, एवढंच ती बघते. आयसीपी-एमएसची बारकाई यात वाया जाते, हे खरं. पण आधीच्या ऋतूत जी माहिती नाही ती नंतरच्या ऋतूने भरून निघत नाही.

पावसाळ्यानंतरची सरासरी हवी असेल तर लॉगनॉर्मल गृहीतकावर आधारलेली आरओएस पद्धत वापरा. सापडलेल्या आकड्यांचे लॉग त्यांच्या क्रमस्थानासमोर मांडून एक रेषा बसवायची आणि त्या रेषेवरून BDL भागाचा अंदाज घ्यायचा. हे अंदाज फक्त सरासरी आणि प्रमाण विचलनासाठी असतात. 'विहीर क्र. 7 मध्ये 0.31' असं ते नकाशावर किंवा तक्त्यात उतरवू नका, कारण कुठला अंदाज कुठल्या विहिरीचा हे पद्धतीला माहीतच नसतं. R मध्ये ते असं होतं:

```r
library(NADA)
pb  <- c(0.5, 0.5, 0.7, 0.9, 1.2, 1.6, 6, 9)
bdl <- c(TRUE, TRUE, FALSE, FALSE, FALSE, FALSE, FALSE, FALSE)
fit <- cenros(pb, bdl)
mean(fit); median(fit); sd(fit)
plot(fit)
```

BDL नमुन्यासाठी `pb` मध्ये मर्यादा लिहायची आणि `bdl` मध्ये `TRUE`. शेवटचा आलेख जरूर बघा. ठिपके रेषेवरून स्पष्ट वळत असतील तर गृहीतक लागू पडत नाही, आणि मग मध्यकावरच थांबा. आठ आकडे या पद्धतीला खरं तर थोडेच आहेत. तुमच्याकडे पावसाळ्यानंतरचे 30 सापडलेले आकडे आहेत, तिथे अडचण येऊ नये.

एक गोष्ट प्रयोगशाळेला विचारूनच घ्या: 0.5 ही मर्यादा कुठून आली? अमेरिकेच्या ईपीएच्या पद्धतीत अगदी कमी शिसं घातलेले किमान सात नमुने पूर्ण प्रक्रियेतून काढतात. सातच नमुने असतील तर त्यांच्या प्रमाण विचलनाला 3.143 ने गुणतात (2017 च्या सुधारणेपासून ब्लँक नमुन्यांचाही हिशोब घेतात). काही प्रयोगशाळा मात्र या मर्यादेखाली नाही, तर त्याहून मोठ्या परिमाणन मर्यादेखाली 'BDL' लिहितात. शिवाय खारं पाणी आयसीपी-एमएसवर दहापट पातळ करून घातलं असेल तर त्या नमुन्याची मर्यादा 0.5 राहत नाही, 5 होते. अहवालात हे बऱ्याचदा नसतं, नोंदवहीत असतं. पातळ केलेल्या नमुन्यांना त्यांची स्वतःची मर्यादा द्या.

तुमच्या पेपरमधला सगळ्यात भक्कम निष्कर्ष या भांडणात मागे पडतोय असं मला वाटतं. पिण्याच्या पाण्यात शिशाची आयएस 10500 ची मर्यादा 0.01 मिलिग्रॅम प्रति लिटर, म्हणजे 10. तुमच्या दोन्ही यंत्रांच्या मर्यादा त्याखाली आहेत. म्हणजे किती विहिरी मानकाच्या वर आहेत हे दोन्ही ऋतूंत नेमकं मोजता येतं, कसलाही अंदाज न लावता. तो आकडा सारांशात सगळ्यात आधी द्या. फक्त पातळ केलेल्या एखाद्या नमुन्याची मर्यादा 10 च्या वर गेली असेल तर त्या विहिरीबद्दल 'सांगता येत नाही' असं लिहा.

पद्धतीच्या विभागात मी साधारण असं लिहीन: 'पावसाळ्याआधी 40 पैकी 30 नमुने 5 च्या खाली आणि पावसाळ्यानंतर 10 नमुने 0.5 च्या खाली होते. या नमुन्यांच्या जागी कोणतीही ठरावीक किंमत भरलेली नाही. पावसाळ्यानंतरची सरासरी आरओएस पद्धतीने काढली. पावसाळ्याआधी 75 टक्के नमुने मर्यादेखाली असल्याने सरासरी दिलेली नाही. ऋतूंची तुलना दोन्ही संचांना 5 ही समान मर्यादा लावून मॅकनेमार चाचणीने केली.' पुरवणी तक्त्यात प्रत्येक विहिरीसमोर 'BDL' ऐवजी '<5' किंवा '<0.5' असं लिहा, आणि शेजारच्या रकान्यात यंत्र आणि किती पट पातळ केलं तेही द्या.